अंडं तरंगलं म्हणजे खराब, बुडालं म्हणजे चांगलं? नागपुरात ही परीक्षा वर्षातून दोनदा का फसते

प्रतापनगरात माझी विद्यार्थ्यांची मेस आहे. आठवड्यातून दोनदा अंडाकरी असते, त्यामुळे तीस अंड्यांचे ट्रे घरात सतत येत असतात. आणि दरवर्षी मे महिन्यात एकच त्रास सुरू होतो. रविवारी घेतलेल्या ट्रेमधली अंडी पुढच्या सोमवारी पाण्यात सोडली की निम्म्याहून जास्त वर येतात. आईने शिकवलेला नियम सरळ होता: बुडालं तर घ्यावं, तरंगलं तर फेकावं. मी कित्येक वर्षं तो पाळला आणि ढीगभर अंडी फेकली. अंडेवाल्या भाऊंशी वादही घातला. ते एकच सांगायचे, "माल ताजाच हाये जी काकू, उन्हानं हलका झाला."

मग एका ऑगस्टमध्ये उलटं घडलं. तळाशी नीट बसलेलं अंडं उकळायला टाकलं, ते पातेल्यात तडकलं आणि असा वास सुटला की सगळा स्वयंपाक टाकून द्यावा लागला. तेव्हापासून मी अंडी तोलायला आणि उजेडात धरून बघायला लागले. भाऊंचं म्हणणं बरोबर होतं हे त्या तोलण्यातून कळलं.

पाण्यात अंडं तरंगतं ते कशामुळे

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. आतलं पाणी वाफ होऊन त्यातून बाहेर जातं आणि तेवढी हवा आत येते. ही हवा बोथट टोकाशी, कवचाखालच्या दोन पातळ पापुद्र्यांच्या मध्ये साठते. उकडलेलं अंडं सोलताना त्या टोकाला जो खळगा दिसतो, ती हीच जागा. कवच कडक असल्यामुळे अंड्याचा आकार बदलत नाही, वजन मात्र रोज थोडं थोडं उतरतं.

हिशोब सोपा आहे. ताजं अंडं तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा साधारण आठ टक्क्यांनी जड असतं. 56 ग्रॅमचं अंडं धरलं तर ते जवळपास 51.6 मिलिलिटर जागा व्यापतं, म्हणजे त्याचं वजन 51.6 ग्रॅमच्या खाली गेलं की ते तरंगणार. याचा अर्थ सुमारे साडेचार ग्रॅम पाणी उडालं की पुरे. त्याच्या आधी ते तळाशीच राहतं, पण हवेचं टोक वर उचललं जातं. अगदी ताजं अंडं आडवं पडतं, मग तिरकं होतं, मग टोकावर उभं राहतं, आणि शेवटी तळ सोडतं.

पाण्यातली परीक्षा एवढंच सांगते, की किती पाणी उडालं. आत कुजलंय का, हे तिला ठाऊक नसतं. याचा सगळ्यात पक्का पुरावा खुडूक कोंबडीखाली आहे. उबवणीच्या 21 दिवसांत अंड्याचं वजन साधारण बारा टक्क्यांनी उतरतं आणि ते उतरायलाच हवं, कारण त्या हवेच्या जागेतूनच पिल्लू पहिला श्वास घेतं. म्हणजे दोन आठवड्यांनी ते अंडं पाण्यात सोडलं तर तरंगेल, आणि आत पिल्लू जिवंत असेल.

आता प्रश्न उरतो की साडेचार ग्रॅम उडायला किती दिवस लागतात. इथेच नागपूर आडवं येतं.

मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा अंडी एकदम तोलली, कारण एका अंड्याचा रोजचा फरक त्या काट्यावर दिसतच नाही. मेमध्ये, नवतप्याच्या आसपास, बाहेर 44-45 अंश आणि ओट्याजवळ 38 अंश असताना दहा अंड्यांचं वजन 560 ग्रॅम होतं. चार दिवसांनी ते 541 भरलं. म्हणजे प्रत्येक अंड्याने रोज जवळपास अर्धा ग्रॅम गमावला. या गतीने अगदी ताजं अंडंसुद्धा नऊ दिवसांत तरंगायला लागेल. आपल्या हातात येईपर्यंत ते पोल्ट्रीतून निघून, गाडीतून, दुकानाच्या पत्र्याखालून दोन-तीन दिवस तापून आलेलं असतं. त्यामुळे रविवारचा ट्रे पुढच्या रविवार-सोमवारी वर यावा, यात नवल नाही.

तशीच दहा अंडी फ्रिजमध्ये दहा दिवस ठेवली, तेव्हा सगळी मिळून पाचच ग्रॅम उतरली. आणि ऑगस्टच्या झडीत, ओट्यावरच ठेवलेली दहा अंडी दहा दिवसांत आठ ग्रॅम उतरली. एका अंड्यामागे एक ग्रॅमसुद्धा नाही. अशा हवेत अंडं तरंगायला दोन महिने लागतील, आणि तापमान 28 अंश असताना ते त्याच्या कितीतरी आधी खराब होऊ शकतं.

म्हणून तरंगलं म्हणजे तीन आठवडे जुनं, असं जे सगळीकडे सांगतात ते आपल्याकडे उन्हाळ्यात लागू पडत नाही आणि पावसाळ्यात त्यावर विसंबणं धोक्याचं आहे. मुंबईची दमट हवा आणि आपली कोरडी भट्टी यांत अंडं एकाच गतीने सुकत नाही. घरातसुद्धा फरक पडतो. कूलर सुरू असलेल्या खोलीत हवा थंड आणि ओलसर असते, तिथल्या ट्रेमधली अंडी ओट्यावरच्या अंड्यांपेक्षा बरीच उशिरा तरंगतात. बोरचं पाणी वापरा की नळाचं, त्याने निकाल बदलत नाही. फक्त मीठ घातलेलं पाणी नको, त्यात ताजं अंडंही वर येतं.

उजेडात धरून काय बघायचं

पूर्वी हे मेणबत्तीच्या उजेडात करायचे, म्हणून याला कँडलिंग म्हणतात. आता मोबाईलचा टॉर्च पुरतो. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्याला दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा लहान भोक पाडा आणि तो टॉर्चवर असा ठेवा की उजेड फक्त भोकातूनच बाहेर येईल. बाजूने उजेड फुटला तर आतलं काही दिसत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांची हीच चूक होते. खोली पूर्ण अंधारी हवी. मी रात्री सगळी जेवून गेल्यावर दिवा बंद करून करते.

अंड्याचं बोथट टोक भोकावर टेकवा आणि अंडं किंचित तिरकं धरा. सगळ्यात आधी हवेची जागा दिसेल: टोकाशी एक उजळ टोपी आणि तिच्याखाली स्पष्ट रेषा. पेन्सिलीने कवचावर ती रेषा काढा आणि टोकापासून रेषेपर्यंतची खोली पट्टीने मोजा. अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत 'अ' दर्जाच्या अंड्यात ही खोली 4 मिलिमीटरपर्यंत चालते आणि 'ब' दर्जात 8 पर्यंत. वरचा हिशोब इथे जुळतो. अंडं तरंगायला लागतं तेव्हा ही खोली साधारण 9 मिलिमीटर असते. म्हणजे तरंगणारं अंडं 'ब' दर्जाच्याही जरा पुढे गेलेलं असतं. ते उतरलेलं आहे हे खरं, पण नासलंय असं त्यावरून म्हणता येत नाही.

मग अंडं बोटांत धरून पटकन अर्धा फेरा फिरवा आणि थांबवा. ताज्या अंड्यात बलकाची सावली अंधूक असते आणि जागच्या जागी हलते, कारण भोवतालचं पांढरं घट्ट असतं. जुन्या अंड्यात पांढरं पातळ झालेलं असतं, म्हणून बलक कवचाच्या जवळ येतो, सावली ठळक होते आणि अंडं थांबल्यावरही ती फिरत राहते. उष्णतेने हे फार लवकर होतं. अंड्यातला कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो, पांढऱ्याचा सामू वाढतो आणि त्याची जेलीसारखी घट्ट घडण सुटते. म्हणूनच उन्हाळ्यात हाफ फ्राय तव्यावर सगळीकडे पसरतं. याच कारणाने जुनं अंडं उकडल्यावर साल सुटायला सोपं जातं, हे मेसवाल्यांना चांगलं माहीत असतं.

इथपर्यंत जे दिसलं ते वयाचं लक्षण आहे. खराबीची लक्षणं वेगळी, आणि ती ओळखता आली की सगळा घोळ मिटतो. चांगलं अंडं, कितीही उतरलेलं असो, उजेडात केशरी-गुलाबी आणि आरपार दिसतं. बलक फुटून पांढऱ्यात मिसळला असेल तर आतमध्ये गढूळपणा दिसतो आणि सावलीला कडाच नसते. पुरतं कुजलेलं असेल तर हवेची टोपी तेवढी उजळते, खाली सगळं काळं, उजेड आत शिरतच नाही. असं अंडं जपून उचला आणि घराबाहेर नेऊन टाका. आत गॅस साठलेला असतो, दाबाने ते फुटतं. कवचाच्या आतून चिकटलेले गडद ठिपके दिसले तर ती बुरशी. आणि कवचावर केसासारखी उजळ रेघ दिसली तर ती तडा. उघड्या उजेडात ही रेघ डोळ्यांना बहुतेक वेळा दिसत नाही, माझ्या मते कँडलिंग करण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

तपकिरी कवचाच्या अंड्यांत हे सगळं अंधूक दिसतं. हवेची जागा आणि काळेपणा कळतो, बलकाची हालचाल नीट कळत नाही. त्यासाठी उजेड जरा प्रखर हवा.

मेमधला एक ट्रे, अंड्यामागून अंडं

गेल्या उन्हाळ्यातला प्रसंग सांगते. तीसपैकी बारा अंडी आठवड्यात लागली, अठरा ओट्यावर उरली. फ्रिज त्या दिवसांत ताकाच्या आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला होता. आठव्या दिवशी अठराही पाण्यात सोडली: अकरा तरंगली, सात टोकावर उभी राहिली, आडवं एकही नाही. एकाच ट्रेमध्ये असा फरक पडतो, कारण सगळ्या कवचांची जाडी आणि छिद्रं सारखी नसतात, लहान-मोठी अंडीही असतात.

जुना नियम लावला असता तर अकरा फेकली असती आणि सात वापरली असती. मी अठराही उजेडात धरली. तरंगलेल्या अकरांपैकी नऊ आरपार स्वच्छ होती. हवेची टोपी मोठी, बलक मोकळा फिरत होता, पण कडा स्पष्ट. एकाला केसाएवढा तडा होता, एक गढूळ होतं. ती दोन टाकली. बुडालेल्या सातांपैकी सहा ठीक होती आणि एकात बलकाला कडाच नव्हती, सगळं मिसळलेलं. ते परसात नेऊन फोडलं. वास आला.

स्वच्छ दिसलेली नऊ तरंगती अंडी मी एकेक वाटीत फोडली, एकदम भांड्यात नाही. पांढरं पाण्यासारखं पसरलं, बलक चपटा होता, दोन बलक फोडतानाच फुटले, पण वास कुणालाच नव्हता. त्यांची भुर्जी केली, सुकेपर्यंत परतून. अशा अंड्यांचं हाफ फ्राय मी कुणालाही देत नाही. 38 अंशांत आठवडाभर राहिलेल्या अंड्यात बलकावरचा पापुद्रा कमजोर झालेला असतो, आणि साल्मोनेलाचे जंतू आत असलेच तर त्यांना बलकातलं खाद्य मिळतं आणि ते झपाट्याने वाढतात. साल्मोनेला ना पाण्यात कळतो, ना उजेडात, ना वासाने. तो मरतो फक्त नीट शिजवल्यावर, पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर तरंगलेलं अंडं स्वच्छ दिसलं तरी त्यांच्या ताटात नको.

गावरान अंड्यांची वेगळी गोष्ट

आमच्या वहिनी उमरेडकडून गावरान अंडी पाठवतात. एका मेमध्ये त्यातलं एक उजेडात धरलं तर आत लाल बारीक शिरांचं जाळं, मधे एक ठिपका, अगदी कोळ्यासारखं. अंडं पाच दिवसांचं, पाण्यात तळाशी बसलेलं.

पोल्ट्रीतल्या अंड्यांत हे होत नाही, कारण तिथे कोंबडे नसतात आणि अंडी फलित नसतात. गावाकडच्या अंगणात कोंबडा असतोच. उबवणी यंत्र 37.5 अंशांवर चालतं, आणि मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरातलं तापमान दुपारी तेवढंच असतं. फलित अंडं तिथे नुसतं पडून असलं तरी त्यातली वाढ सुरू होते. रात्री तापमान उतरलं की बहुधा ती थांबते आणि गर्भ मरतो. तेव्हा शिरा विरून रक्ताचं एक वलय उरतं. जाळं दिसो वा वलय, ते अंडं खायचं नाही. गावरान अंडी उन्हाळ्यात आली त्याच दिवशी फ्रिजमध्ये गेली पाहिजेत, आणि त्यांच्या बाबतीत पाण्यावर अजिबात विसंबू नका.

पाण्यात टाकताना होणारी चूक

ऑगस्टमधलं ते बुडालेलं कुजकं अंडं आलं कुठून, याचा मी बराच शोध घेतला. कारण माझ्याच घरात होतं. आणलेला सगळा ट्रे मी आल्या आल्या पाण्यात घालून तपासायचे आणि ओला तसाच परत रचून ठेवायचे.

अंड्यावर घालतानाच एक पातळ थर सुकलेला असतो, तो छिद्रं झाकून ठेवतो. धुतल्याने, चोळल्याने तो निघतो. त्यात गरम ओट्यावरचं अंडं माठाच्या गार पाण्यात टाकलं, की आतला ऐवज आकसतो आणि कवचावरचं पाणी, त्यातल्या घाणीसकट, छिद्रांतून आत ओढलं जातं. मग ते ओलं अंडं पावसाळ्याच्या दमट हवेत, पुठ्ठ्याच्या भिजलेल्या ट्रेमध्ये ठेवलं तर ते कुजायला दुसरं काही लागत नाही. आणि ते तरंगणारही नाही, कारण त्या हवेत पाणी उडतच नाही.

म्हणून आता मी साठवायच्या अंड्यांना पाणी लावत नाही. ट्रे आला की उजेडात तडे तेवढे बघते. तडा गेलेली अंडी त्याच दिवशी उकडते, गळणारी टाकून देते. बाकीची बोथट टोक वर करून फ्रिजमध्ये, दारात नाही, आतल्या कप्प्यात. दारात दर उघडझापीला गरम हवा लागते. ट्रेवर पेन्सिलीने तारीख घालते. एकदा आत गेलेलं अंडं गरज असल्याशिवाय बाहेर काढत नाही, कारण पावसाळ्यात गार अंड्यावर लगेच दव धरतं आणि पुन्हा तोच ओलावा.

पाण्याची परीक्षा करायचीच तर ती शिजवायच्या आधी, तेवढ्याच अंड्यांची, आणि पाणी अंड्याइतकंच किंवा किंचित कोमट. फ्रिजमधल्या अंड्यांना नळाचं पाणी चालतं. आडवं किंवा तिरकं पडलं आणि उजेडात स्वच्छ दिसलं, तर ऑम्लेटला. टोकावर उभं राहिलं, तर उकडायला. तरंगलं तर ऋतू बघते. मेमध्ये उजेडात धरून, वाटीत फोडून ठरवते. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात, किंवा फ्रिजमधून काढलेलं अंडं तरंगलं, तर मात्र उजेडातही धरत नाही, सरळ टाकते. इतक्या कमी सुकणाऱ्या हवेत साडेचार ग्रॅम उडाले, म्हणजे ते अंडं खरोखरच फार जुनं आहे.

अंडेवाल्या भाऊंना मी ते वजनाचे आकडे दाखवले. आता उन्हाळ्यात ते माझा ट्रे पत्र्याखालून काढून आत, ओल्या गोणपाटाच्या पडद्यामागे ठेवतात आणि मी रविवारऐवजी बुधवार-शनिवार असे दोन अर्धे ट्रे घेते.